‘शोमा’ म्हणजे तू की तुम्ही?

“आई, तुम्ही बसा, मी आणतो.”

हे वाक्य मी एका मुलाच्या तोंडी घातलं होतं. फारसी संवाद मराठीत आणण्याचा सराव म्हणून तेहरानमधल्या एका घराचा छोटा प्रसंग मी रचला होता. तेहरानमध्ये वाढलेल्या एका बाईंनी त्यातली फारसी तपासून दिली. मग त्याचं मराठी रूप एका मैत्रिणीला वाचून दाखवलं, तर पहिल्याच ओळीला तिनं विचारलं, “हा जावई का?”

तिचं बरोबर होतं. मराठीत आईला ‘आई, तुम्ही’ म्हणणारी व्यक्ती बहुधा सून असते, नाहीतर जावई. पोटचा मुलगा ‘आई, तू’ म्हणतो. तो साठीचा झाला, मोठा अधिकारी झाला, तरी ‘तू’च म्हणतो. मूळ फारसी वाक्यात मुलानं ‘शोमा’ म्हटलं होतं आणि शब्दकोशात ‘शोमा’ म्हणजे ‘तुम्ही’. शब्द बरोबर आला आणि नातं बदललं.

फारसीत समोरच्याला संबोधण्याची दोन सर्वनामं आहेत, ‘तो’ आणि ‘शोमा’. ‘तो’ म्हणजे आपलं ‘तू’. मराठी कानाला तो तिसरा कुणीतरी माणूस वाटतो, पण थोड्या सवयीनं ते जमतं. ‘शोमा’ हे अनेकवचन आहे आणि आदरार्थी एकवचनही, अगदी आपल्या ‘तुम्ही’सारखं. देवाला दोन्ही भाषा एकेरीतच हाक मारतात. मित्र, भावंडं, लहान मुलं यांनाही दोन्हीकडे एकेरी चालतं. त्यामुळे सुरुवातीला वाटतं, दोन भाषांचा नकाशा एकच आहे, ‘तो’च्या जागी ‘तू’ आणि ‘शोमा’च्या जागी ‘तुम्ही’ लिहीत गेलं की झालं. वाट चुकते ती घरात आणि भांडणात.

त्याआधी एक अडचण सांगायला हवी. फारसी बोलताना सर्वनाम बरेचदा गाळलं जातं, आपल्यासारखंच. मग कळतं ते क्रियापदाच्या शेपटीवरून. ‘खूबी?’ म्हणजे ‘बरा आहेस ना?’ किंवा ‘बरी आहेस ना?’ आणि ‘खूबीन?’ म्हणजे ‘बरे आहात ना?’ लिहिताना हेच ‘खूबीद’ होतं. आभार मानताना इराणी माणूस म्हणतो, तुझा हात न दुखो. जवळच्याला ‘दस्तेत दर्द नकोने’, परक्याला ‘दस्तेतून दर्द नकोने’. सगळा फरक त्या ‘एत’ आणि ‘एतून’मध्ये. फारसी संवाद इंग्रजीतून मराठीत येतात तेव्हा ही शेपटी वाटेतच गळते, कारण इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. मग मराठी अनुवादक पात्राचं वय आणि हुद्दा पाहून अंदाजानं तू किंवा तुम्ही लिहितो. तो अंदाज मराठी घराचा असतो, इराणी घराचा नाही.

आता माझा प्रसंग पाहू. फरहाद अडतीस वर्षांचा, त्याची बायको नसरीन, आणि फरहादची आई ताहेरे खानुम. भाड्याचं घर. संध्याकाळची वेळ. आई चहा आणायला उठते. फरहाद म्हणतो:

“मामान जान, शोमा बेशीन, मन मीआरम.”

याचंच मी ‘आई, तुम्ही बसा, मी आणतो’ असं केलं होतं. पण नीट ऐकलं तर या वाक्यात एक गाठ आहे. सर्वनाम ‘शोमा’ आहे, क्रियापद मात्र एकेरी. ‘बेशीन’ म्हणजे ‘बस’. ‘बसा’ असतं तर ‘बेशीनीन’ झालं असतं. इथे नवशिका हमखास फसतो, कारण बोलीत अनेकवचनाची शेपटी ‘ईन’ अशी असते आणि ‘बेशीन’च्या शेवटी तसाच आवाज येतो. पण तो धातूचाच भाग आहे. पुढच्याच ओळीत नसरीन सासूला म्हणते, “शोमा जहमत नकेशीन.” इथलं ‘ईन’ खरं आहे. एकेरीत ते नुसतं ‘नकेश’ झालं असतं. म्हणजे सून सर्वनाम आणि क्रियापद दोन्हींत आदर राखते. मुलगा सर्वनामात आदर ठेवतो आणि क्रियापदात लाडानं जवळ येतो.

ही ‘शोमा’ अधिक एकेरी क्रियापद अशी मिसळ तेहरानच्या रोजच्या बोलण्यात सर्रास ऐकू येते. आई, आजी, मोठी बहीण, वर्षानुवर्षांची शेजारीण, जिथे मान द्यायचा आहे आणि अंतर नको आहे, तिथे ती फार नेमकी बसते. मराठीत असं करता येत नाही. ‘तुम्ही बस’ हे कुणाच्याच तोंडी येणार नाही. आपल्याकडे सर्वनाम आणि क्रियापद यांची गाठ पक्की आहे.

मग मराठीत काय करायचं? मी बराच काळ ‘तुम्ही’ धरून बसलो होतो, कारण मूळ शब्द सोडणं मनाला पटत नव्हतं. शेवटी उत्तर मराठी घरातूनच आलं. आपण आदर सर्वनामात न ठेवता हाकेत ठेवतो. ‘ताई, तू सांगितलं होतंस’, ‘आजी, तू राहू दे’. ‘तू’ म्हटल्यानं आजीचा मान कमी होत नाही, कारण तो ‘आजी’ या शब्दात आहे आणि पुढे ती काठी घेऊन उठू नये म्हणून आपण आधीच उठून उभे राहतो, त्या कृतीत आहे. म्हणून फरहादचं वाक्य आता असं आहे: “आई, तू बस ना, मी आणतो.” तो ‘ना’ मी मुद्दाम घातला. ‘शोमा’मधली विनवणी त्यात आली आहे.

नसरीनचं वाक्य सोपं होतं: “आई, तुम्ही नका त्रास घेऊ.” एका घरात एकाच बाईला मुलगा ‘तू’ आणि सून ‘तुम्ही’ म्हणते, हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. पुढे आई झोपायला जाते तेव्हा नसरीन म्हणते, ‘आई झोपल्या’, आणि फरहाद म्हणतो, ‘आई झोपली’. कोण बोलतंय हे न लिहितासुद्धा कळतं.

वडिलांची गोष्ट वेगळी. ‘बाबा, तुम्ही’ मराठीत अनेक घरांत आजही आहे, आणि ‘बाबा, तू’ही आहे. गाव, पिढी, घराची रीत यांवर ते ठरतं. तिथे ‘शोमा’चं ‘तुम्ही’ केलं तर काही बिघडत नाही. मात्र मग वाचकाला ते घर थोडं जुन्या वळणाचं वाटेल, हे जाणून करावं.

नवरा-बायकोत दुसरा सापळा आहे. जुन्या वळणाची इराणी बायको चारचौघांत नवऱ्याला ‘हसन आगा, शोमा’ म्हणते. मराठी अनुवादकाच्या हाताशी लगेच ‘अहो’ येतं. ते टाळावं असं माझं ठाम मत आहे. ‘अहो’मागे नवऱ्याचं नाव न घेण्याची आपली रीत आहे, त्या नावासाठी रचलेले उखाणे आहेत. इराणी बाई नवऱ्याचं नाव उघडपणे घेते, पुढे ‘आगा’ जोडते. ‘अहो’ लिहिलं की ती बाई थेट वाड्यात येऊन बसते. म्हणून मी ‘हसन आगा, तुम्ही’ असंच ठेवतो. मराठीला ते किंचित परकं वाटतं, पण हे परकेपण खरं आहे.

आता दार वाजतं. घरमालक सादेगी आले आहेत, पासष्टीचे. फरहाद दार उघडून म्हणतो, “बेफर्माईन तू.” वाचणारा दचकेल की मालकाला ‘तू’? पण फारसीतला हा ‘तू’ म्हणजे ‘आत’. गंमत अशी की फारसी लिपीत ‘तो’ म्हणजे तू आणि ‘तू’ म्हणजे आत हे दोन्ही शब्द अगदी एकसारखे लिहितात. कुठला कुठे, हे वाक्यावरूनच ठरवायचं.

‘बेफर्माईन’ हा शब्द मात्र थोडा वेळ मागतो. ‘फर्मूदन’ म्हणजे मूळचं हुकूम करणं. समोरचा जे काही बोलतो ते हुकमासारखंच, अशा भावनेनं आदराच्या भाषेत ‘बोलणं’ या अर्थी ते वापरतात. ‘बेफर्माईद’ म्हणजे या, बसा, घ्या, बोला, आधी तुम्ही निघा, यांपैकी काहीही. बोलणाऱ्याचं स्वतःचं बोलणं मात्र ‘अर्ज कर्दन’. तुम्ही फर्मावता, मी अर्ज करतो. मराठीला हे दोन्ही शब्द ओळखीचे आहेत. शिवकाळात राज्यव्यवहारकोश रचून कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले, तरी हे शब्द आपल्या बोलण्यात राहिले. पण त्यांचे अर्थ सरकले. आपलं ‘फर्मावणं’ आता रुबाब दाखवणं झालं आणि ‘अर्ज’ कागदावर गेला. ‘काय फर्मावता?’ असं मराठीत लिहिलं तर साधा किराणा दुकानदार दरबारी होऊन जातो. फारसीत ‘बेफर्माईद’ दुकानदारही म्हणतो, टॅक्सीवालाही म्हणतो.

याच कारणासाठी मी ‘आपण’ जपून वापरतो. मराठीत तुम्हीच्या वर ही एक पायरी आहे, आणि फारसीतल्या ‘जेनाब-ए-आली’सारख्या संबोधनाला ती चालते. पण आज ‘आपण’ आपल्याला भाषणात, पत्रात, फोनवरच्या सूचनेत भेटतं. शिवाय ‘आपण’ म्हणजे ‘मी आणि तू मिळून’ असाही अर्थ असल्यानं वाचक क्षणभर अडखळतो. आदर दाखवायला मराठीकडे याहून सहज वाटा आहेत. ‘या’ आणि ‘या ना’ यांत फरक आहे. ‘बसा’ आणि ‘बसावं’ यांतही आहे. फरहादचं ‘बेफर्माईन तू’ मी “या ना, आत या” असं केलं. पैसे द्यायला गेलं की इराणी दुकानदार रीत म्हणून म्हणतो, ‘गाबेल नदारे’, म्हणजे तुमच्या योग्यतेचं हे काहीच नाही. त्याचं मराठी ‘राहू द्या हो’. त्या ‘हो’मध्ये सगळं येतं.

सादेगी आत येत नाहीत. घरभाडं थकलं आहे. दारातच बोलणं सुरू होतं.

“शोमा गोफ्ते बूदीन ता सर-ए-बोर्ज.” तुम्ही म्हणाला होतात, महिन्याच्या सुरुवातीपर्यंत. सर्वनाम आणि क्रियापद दोन्ही आदरार्थी. फरहाद कारणं देतो. मग सादेगी म्हणतात:

“शोमा के कौल दादी.”

‘दादी’ म्हणजे ‘दिलास’. ‘दिलात’ असतं तर ‘दादीन’. म्हणजे पुन्हा तीच मिसळ, ‘शोमा’ आणि एकेरी क्रियापद, जी फरहादनं आईशी वापरली होती. पण इथे तिचा अर्थ अगदी उलटा आहे. आईशी बोलताना ती माया होती. मालकाच्या तोंडी ती सभ्यतेला गेलेला पहिला तडा आहे. सर्वनाम अजून तोल सांभाळतंय, क्रियापद सुटलंय. आणि पुढच्याच वाक्यात सर्वनामही जातं: “तो असलन ची मीगी?” तू बोलतोयस तरी काय?

या तीन पायऱ्या आहेत आणि मराठीत मधली पायरीच नाही. मी आधी पहिल्या दोन वाक्यांना ‘तुम्ही’ आणि तिसऱ्याला ‘तू’ असं केलं. वाचलं तर सादेगी एकदम भडकलेला माणूस वाटला. मुळात ते हळूहळू तापतात. दुसऱ्या वाक्यालाच ‘तू’ केलं तर तिसऱ्याचा वार बोथट झाला.

सुटका झाली ती मराठी क्रियापदाच्या शेवटच्या अक्षरानं. ‘दिला होतास’ म्हणजे तू. ‘दिला होतात’ म्हणजे तुम्ही. पण बोलताना आपण नुसतं ‘दिला होता ना?’ असंही म्हणतो, आणि त्यात तूही नाही, तुम्हीही नाही. समोरच्याला काय म्हणावं हे ठरत नसलं की मराठी माणूस हेच करतो. नव्या ओळखीच्या, साधारण आपल्याच वयाच्या माणसाला आपण ‘जेवलास का’ किंवा ‘जेवलात का’ न विचारता ‘जेवण झालं का?’ विचारतो. ही मोकळी जागा मी मधल्या पायरीला वापरली:

“तुम्ही म्हणाला होतात, महिन्याच्या सुरुवातीला देतो.”

“शब्द दिला होता ना?”

“तू बोलतोयस काय?”

‘शब्द दिला होता ना’ हे ऐकताना त्यातला गळालेला ‘त’ वाचकाच्या कानाला जाणवतो. पुढे ‘तू’ येतो तेव्हा तो एकेरीवर आलेला असतो, आणि एकेरीवर येणं म्हणजे काय हे मराठी माणसाला नीट ठाऊक आहे. (‘कौल’चं ‘शब्द’ करावं लागलं, कारण आपल्या ‘कौल’वर आता देवानं दिलेला कौल आणि मतदारांचा कौल बसले आहेत.)

इतक्यात नसरीन पुढे येते. फरहादला ‘तो’ म्हणणारे सादेगी तिला म्हणतात, “खानुम, शोमा देखालत नकोनीन.” बाई, तुम्ही मध्ये पडू नका. संतापाच्या भरातही ‘शोमा’, आणि क्रियापदही पूर्ण आदराचं. पासष्टीचा मराठी घरमालक तिशीच्या बाईला अशा वेळी सहज म्हणून गेला असता, ‘तू मध्ये पडू नकोस गं’. मराठी वळणासाठी तसं करण्याचा मोह होतो. पण इथे ‘शोमा’चं काम वेगळं आहे. परक्या बाईशी बोलताना पुरुषानं राखायचं अंतर त्यात आहे. त्या समाजात नात्याबाहेरच्या स्त्री-पुरुषांनी एकमेकांशी कसं बोलायचं याची घट्ट मर्यादा आहे, आणि सादेगी चिडले तरी ती ओलांडत नाहीत. हे वाचकाला दिसलंच पाहिजे. म्हणून इथे ‘तुम्ही’ अढळ ठेवलं. आईच्या ‘शोमा’चं ‘तू’ केलं आणि नसरीनच्या ‘शोमा’चं ‘तुम्ही’ ठेवलं, एकाच पानावर. ‘शोमा’ तिथे कुठलं काम करतोय, माया, मान, अंतर की राग, हे ओळखल्याशिवाय मराठी शब्द ठरत नाही.

रागाचा ‘शोमा’ही असतो. एरवी नवऱ्याला ‘तो’ म्हणणारी बायको भांडणानंतर अचानक ‘शोमा’वर येते तेव्हा खोलीत थंडी पसरते. आपल्याकडेही ‘हो, तुम्हीच शहाणे’ अशी ओळ रुसलेल्या बायकोच्या तोंडी येते. पण हा बदल वाचकाला कळायचा तर आधी दोघांचं रोजचं बोलणं ‘तू’त चालल्याचं त्यानं पाहिलेलं हवं. त्यासाठी मी काम सुरू करण्याआधी एक वही करतो. पात्रांच्या जोड्या लिहितो: फरहाद–आई, आई–फरहाद, नसरीन–सासू, सादेगी–फरहाद, सादेगी–नसरीन. प्रत्येक जोडीपुढे मुळातलं नेहमीचं सर्वनाम, नेहमीचं क्रियापद, आणि मी ठरवलेलं मराठी. मग जिथे जिथे मूळ लेखकानं ती घडी मोडली आहे, तिथला पानाचा आकडा. अनुवाद संपल्यावर फक्त ते आकडे उघडून पाहतो. तिथे मराठीतही काहीतरी हललं आहे का? हललं नसेल तर तिथे अनुवाद फसला आहे.

‘तू’ निवडताना आणखी एक गोष्ट हातातून निसटू शकते. फारसीत लिंगभेद नाही. ‘आमदी’ म्हणजे आलास, आणि आलीससुद्धा. मराठीत ‘तुम्ही आलात’ म्हटलं की हे झाकलेलं राहतं, ‘तू’ म्हटलं की उघडं पडतं. फोनवर कोण आहे हे लेखकानं मुद्दाम लपवलं असेल, तर ‘तू’नं ते पहिल्याच ओळीत फुटतं. पण ‘तू’ ठेवूनही वाट निघते. ‘येशील का?’, ‘ये’, ‘पाहिलंस का?’, ‘तुला कळलं?’ यांतून समोर बाई आहे की पुरुष, हे कळत नाही. भविष्यकाळ, आज्ञार्थ आणि कर्म असलेला भूतकाळ धरून दोन-तीन पानं सहज निभतात. त्याहून लांबलं तर वाक्यं ओढाताणीची होऊ लागतात, आणि मग तुम्हीकडे वळणं बरं.

असगर फरहादी यांचा 2011 चा ‘जुदाई-ए-नादेर अज सीमीन’ किंवा माजिद माजिदी यांचा 1997 चा ‘बच्चेहा-ये-आसेमान’ पाहायला मिळाला, तर एकदा खालची इंग्रजी ओळ न वाचता पाहा. फारसी येत नसली तरी ‘तो’ आणि ‘शोमा’ कानाला स्पष्ट कळतात. कोण कुणाला काय म्हणतं आणि ते कुठे बदलतं, एवढंच टिपा. आणि इंग्रजीवरून फारसी कथा मराठीत आणणाऱ्यांना माझी विनंती आहे: फारसी जाणणाऱ्या कुणाकडून तरी मूळ पुस्तकातल्या प्रत्येक संवादापुढे ‘तो’ की ‘शोमा’, आणि क्रियापद एकेरी की अनेकवचनी, एवढ्या दोन खुणा समासात करून घ्या. दोनशे पानांच्या कादंबरीला हे काही दिवसांचं काम आहे, आणि ते पहिल्या ओळीचा अनुवाद करण्याआधी व्हायला हवं.